यादीत सगळ्यात वर कोण, आणि का

तुलना करून देणाऱ्या साइट आपल्याकडून एक छदामही घेत नाहीत, म्हणून त्या आपल्या बाजूच्या, असं आपण बिनदिक्कत धरून चालतो. पण पैसे कुणीतरी देतंच असतं. हॉटेलांच्या बाबतीत बहुतेक वेळा बुकिंग साइट दर क्लिकमागे पैसे मोजते. विम्यात पॉलिसी खपली की कमिशन मिळतं, नाहीतर तुमचा फोन नंबर पुढे पोचवल्याचे पैसे.

याचा क्रमवारीवर काय परिणाम होतो ते हॉटेलांच्या दरांची तुलना करणाऱ्या ट्रिवागो या साइटच्या खटल्यात उघड झालं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने हा खटला भरला होता. एकाच हॉटेलच्या एकाच रात्रीचे निरनिराळ्या बुकिंग साइटचे दर तिथे दिसायचे आणि त्यातला एक दर ठळकपणे पुढे आणलेला असायचा. साहजिकच लोक तोच सगळ्यात स्वस्त समजायचे. प्रत्यक्षात तो निवडताना दरासोबत ती बुकिंग साइट क्लिकमागे किती पैसे देते, यालाही चांगलंच वजन होतं. कोर्टापुढे आलेल्या आकड्यांनुसार 66.8 टक्के वेळा स्वस्त पर्याय हजर असूनही महागडा दर पुढे होता. काही ठिकाणी काट मारलेला ‘जुना’ दर तर त्याच हॉटेलच्या आलिशान खोलीचा निघाला! 2020 मध्ये ही दिशाभूल ठरली आणि 2022 मध्ये 4 कोटी 47 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

हे गणित अगदी साधं आहे. समजा एक जण 100 ला खोली देतो आणि क्लिकमागे 1 देतो, दुसरा 106 ला देतो आणि क्लिकमागे 3. फक्त 6 चा फरक पाहून क्लिक करणारे फारसे कमी होत नसतील, तर साइटला दुसऱ्यालाच वर ठेवणं परवडतं. कुणी खोटं बोलत नाही, दोन्ही दर पडद्यावर असतातच.

विम्यात मामला जरा वेगळा आहे. तिथे फक्त हप्त्यावरून क्रम लावला तरी न्याय होतोच असं नाही, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पहिला नंबर पटकावायला कंपनी हप्ता उतरवते आणि दाव्याच्या वेळी तुम्ही स्वतः सोसायची रक्कम हळूच वाढवते, नाहीतर एखादं कवच पॉलिसीतून काढून रायडर, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायची पर्यायी जोड, म्हणून विकते. यादी प्रामाणिक असते, पण वरची पॉलिसी पोकळ.

म्हणून मी आधी ‘शिफारस केलेले’ हा क्रम बदलून हप्त्यानुसार लावते. वरचे कोण खाली घसरले ते पाहिलं की बरंच कळतं. मग स्वतः सोसायची रक्कम सगळ्यांना सारखी भरून यादी पुन्हा काढते. शेवटी यादीत नसलेल्या एक-दोन कंपन्यांचा हप्ता थेट त्यांच्या साइटवर बघते, कारण ज्यांनी कमिशनचा करारच केलेला नाही त्या कंपन्या बऱ्याचदा या यादीत नसतातच.