चाळीस प्रश्नांतले तीन: इंदुरी मराठीच्या सर्व्हेचं काय करायचं?

सध्या फिरणारा मेसेज असा: "इंदूरच्या मराठी घरांचा सर्व्हे झाला! ६०० जण, ४० प्रश्न. एवढ्या मोठ्या सर्व्हेत योगायोगाला जागाच नाही. इथे जन्मलेले ३०० आणि महाराष्ट्रातून आलेले ३००, यांच्यात तीन प्रश्नांत सिग्निफिकंट फरक (पी ०.०५ च्या खाली), आणि तिन्ही प्रश्न भाषेचे! एकात तर पी ०.००४, म्हणजे ९९.६ टक्के खात्री. सिद्ध झालं, इंदुरी माणूस मराठी विसरला. पुढे पाठवा."

आधी ते तीन प्रश्न. दोन गटांत मुळात काहीच फरक नसला तरी कोण नमुन्यात आलं आणि कोण राहिलं यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतातच. फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता म्हणजे पी. त्याला ०.०५ ची रेषा मानणं म्हणजे अशा योगायोगाला शंभरात पाच वेळा फसायची तयारी ठेवणं. पण ही रेषा एका प्रश्नापुरती असते. चाळीस प्रश्न तपासले, की फसायच्या संधीही चाळीस, आणि सरासरी दोन खोटे फरक हाती लागतात. एकही न लागण्याची शक्यता ०.९५ चा चाळिसावा घात, म्हणजे जेमतेम १३ टक्के. प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तर तीन किंवा जास्त निघण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. म्हणजे काहीच फरक नसताना असे तीन सर्व्हे केले, तर साधारण एकातून असाच मेसेज निघेल.

फॉर्ममध्ये सकाळी पोहे-जलेबी खाता का, अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला जाता का, असेही प्रश्न होते. फरक तिथे निघाला असता, तर "इंदुरी माणूस झांक्या विसरला" असं फिरलं असतं. उरलेल्या ३७ प्रश्नांबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

९९.६ टक्क्यांचं तर गणितच उलटं आहे. पी सांगतो ते एवढंच: फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. दावा खरा असण्याची शक्यता त्यातून निघत नाही. त्यात हा पी चाळिसांतला सगळ्यात लहान म्हणून उचललेला. काहीच फरक नसताना चाळिसांतला सगळ्यात लहान पी ०.००४ किंवा त्याखाली जाण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते, म्हणजे सातांत एकदा. बॉनफेरोनीची साधी रीत वापरा: ०.०५ ला ४० ने भागा, रेषा येते ०.००१२५. आपला ०.००४ तिच्यावरून जात नाही. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची रीत जरा सैल आहे, तिथे पी लहानापासून मोठ्याकडे ओळीने लावले, की तिसऱ्या क्रमांकाच्या पीला ०.००३७५ पर्यंत सूट मिळते. पण आपला पहिलाच त्याच्या वर, मग बाकीच्या दोघांचं काय बोलायचं.

"मोठा सर्व्हे" म्हणाल, तर माणसं वाढवून खोट्या फरकांची संख्या कमी होत नाही. शंभरात पाच ते शंभरात पाचच राहतात. फक्त ते फरक आकाराने लहान होतात. निम्मे लोक "हो" म्हणत असतील, तर तीनशे-तीनशेत रेषा ओलांडायला सुमारे ८ टक्क्यांचा फरक लागतो, तीन-तीन हजारांत अडीच टक्के पुरतात.

"तिन्ही प्रश्न भाषेचे" हा मुद्दा मात्र वजनदार वाटतो, म्हणून त्यावर थांबू. घरी मराठी बोलता का, मुलांना मराठी लिहिता येतं का, मराठी वाचता का, या तिन्हींना तोच माणूस साधारण सारखीच उत्तरं देतो. त्यामुळे मराठीत मुरलेली पाच-दहा घरं योगायोगाने एका गटात जास्त आली, तर तिन्ही प्रश्न एकदमच हलतात. असे साक्षीदार तीन दिसले तरी साक्ष जवळजवळ एकच. अशा वेळी स्वतंत्र प्रश्नांचं वरचं गणित पुरत नाही. खोटे फरक सरासरीने दोनच, पण ते घोळक्याने येतात.

याला सरळ उपाय आहे. प्रत्येक माणसाची चाळीस उत्तरं एकत्रच ठेवायची आणि "इथला" की "बाहेरून आलेला" ही चिठ्ठी तेवढी सहाशे जणांत पिसून वाटायची. मग चाळीसही चाचण्या पुन्हा करून सगळ्यात लहान पी टिपून ठेवायचा. हे कॉम्प्युटरवर हजार वेळा करायचं. चिठ्ठ्या पिसलेल्या असल्याने इथे खरा फरक नाहीच, उत्तरांमधले आपसातले संबंध मात्र जसेच्या तसे. हजारांत पन्नासांहून जास्त वेळा ०.००४ किंवा त्याहून लहान पी निघाला, तर आपल्या आकड्यात विशेष काही नाही. आयोजकांकडे मूळ फाईल असेल, तर एका संध्याकाळचं काम.

यावरून "फरक नाहीच" असं मात्र म्हणू नका. ०.००१२५ ची रेषा कडक आहे, ती ओलांडायला तीनशे-तीनशेत सुमारे १३ टक्क्यांचा फरक लागतो. खराखुरा ८ टक्क्यांचा फरक तिच्याखाली सहज दडून राहील. तेव्हा हेच तीन प्रश्न नव्या माणसांना विचारा, आणि काय तपासणार ते आधी लिहून ठेवा. आता भागायचं फक्त तिनाने: रेषा ०.०१७, आणि सुमारे १० टक्क्यांचा फरकही पकडीत येतो. जुने सहाशे त्यात मिसळू नका, हे प्रश्न त्यांच्याच उत्तरांवरून निवडलेत. तीन प्रश्नांचा फॉर्म इंदूरच्या रामबागेत लोक उभ्या उभ्या भरून देतील.