एक जूनचे उत्सवमूर्ती

आमच्या घराण्यात 1 जून हा राष्ट्रीय सण आहे. जुन्या काळी गावच्या शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन जायचा, मास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप सांगायचा, "पोळ्याच्या आगेमागे झालाय." मास्तर पोराच्या उंचीकडे बघायचे आणि शाळा सुरू व्हायच्या हिशोबानं 1 जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे आमच्याकडे काका, चुलतकाका, दोन आत्या आणि एक मामेसासरे एकाच दिवशी जन्मले. नोकरीवाले सगळे निवृत्तही एकाच दिवशी झाले, 31 मेला.

मास्तर सुटले, अडकलो मी. कारण हे सगळे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि वर साहेबही 1 जूनचेच. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एकच मजकूर पाचांना पाठवला की पाचही जण तो एकाखाली एक वाचतात. आत्याला "उदंड आयुष्य" आणि काकांना नुसतं "दीर्घायुष्य" गेलं तर कोणाला किती वर्षं मिळाली यावर चर्चा होते.

म्हणून मी एक सांगाडा केलाय. आधी हाक, मग आठवण, मग मागणं. तीन वाक्यांत खेळ खलास. हाक म्हणजे प्रत्यक्षात तोंडी जी मारतो ती. ज्यांना जन्मभर 'आबा' म्हटलं, त्यांना वाढदिवशी 'आदरणीय काकासाहेब' केलं की त्यांना पहिली शंका येते ती पैसे मागणार असल्याची. आठवण गेल्या वर्षभरातली हवी, आणि फक्त त्याच माणसाची. मागणं त्या आठवणीतूनच निघालं पाहिजे आणि जवळचं हवं. शंभर वर्षांचं आयुष्य आपल्या हातात नाही. मृगाचा पाऊस निदान आठवड्यावर असतो.

लिहायला मात्र मधूनच घ्यायचं. आठवण सापडली की हाक आणि मागणं आपोआप येतात. आबांना यंदा असं गेलं: "आबा, दिवाळीत रात्री विहिरीत उतरून मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढलात, बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे होतं आणि तेही मला धड जमलं नाही. यंदा मृग वेळेवर बरसो आणि मोटारीनं तुम्हाला रात्री हाक न मारो."

याच सांगाड्यात साहेब बसतात का? बसतात, फक्त आठवण कामाची घ्यायची, त्यांच्या तब्येतीची किंवा नव्या गाडीची नाही. "सर, मार्चअखेरीला तुम्ही आम्हाला सातला घरी पाठवलंत आणि स्वतः थांबलात. पुढच्या मार्चला तुम्हीही सातला निघा." यात मस्का नाही, कारण घडलेलं आहे. 'आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली' लिहिलं की मस्का होतो, आणि साहेबांना तो रोज मिळतो. वर्गमित्राला तर एवढंच: "पक्या, गणपतीत माझं हेल्मेट नेलंस. ते सुखरूप असो. आत तू असशील तर तूही."

तपासणी सोपी आहे. हाक झाकायची आणि उरलेला मजकूर दुसऱ्या कोणाला चालतो का ते बघायचं. आबांचा मजकूर साहेबांना पाठवून बघा. चालला, तर मधला भाग परत लिहायचा. आणि ग्रुपवर लिहिताना आठवण सगळ्यांसमोर उघडी पडते हे धरून चालायचं. आत्याची साखर, पुतण्याचं लग्न, मामेसासऱ्यांनी घेतलेले उसने हे विषय आठवण म्हणून कितीही टवटवीत असले तरी तिथे नकोत.

अवघड गेलं ते शेजारच्या काकूंचं. काका गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिला वाढदिवस. 'आनंदाचा दिवस' लिहिणं बरं दिसेना, काहीच न लिहिणं त्याहून वाईट. शेवटी लिहिलं: "काकू, यंदा लोणचं एकटीनं घातलंत आणि तरी बरणी आमच्याकडे आली. रविवारी बरणी परत द्यायला येतो, चहा घेऊनच जाईन." इथे मागणं उरलंच नाही, त्याच्या जागी येणं आलं. सांगाडा तेवढा वाकतो.

जिथे आठवणच नाही, तिथे तो चालत नाही. मामेसासऱ्यांना मी लग्नात पाहिलं, त्यानंतर फक्त ग्रुपवर. त्यांच्यासाठी ओढूनताणून आठवण बनवण्यापेक्षा "वाढदिवसाच्या शुभेच्छा" लिहून गप्प बसलेलं बरं. आणि गेल्या वर्षी वापरलेली आठवण या वर्षी चालत नाही, म्हणून काही घडलं की मी फोनमध्ये त्या माणसाच्या नावाखाली दोन शब्द टाकून ठेवतो. आबांच्या नावाखाली 'फूटव्हॉल्व्ह' आहे, आत्याच्या नावाखाली 'रिक्षावाल्याशी भांडण'. बायकोनं एकदा ती यादी वाचली आणि स्वतःच्या नावाखाली काय आहे ते विचारलं. तिचा वाढदिवस ऑक्टोबरात आहे, तोवर काहीतरी घडेल.

आबांचं उत्तर दुपारी आलं. "धन्यवाद. मोटार काल रात्री बसली. बॅटरी घेऊन ये."