अर्धी दाढी आणि पिनमधला घोडा

परवाच्या रविवारी सलूनमध्ये गळ्यावर वस्तरा असताना एका माणसाने मला चारचौघांत सांगितलं, "अहो, तुम्हाला स्वतःची चाल सोडून दुसरं काही दिसतच नाही." त्या माणसाच्या डोक्याला तेव्हा कलप फासलेला होता. मिश्यांनासुद्धा. गळ्याभोवती पांढरा कपडा, वर ते काळंकुळीत डोकं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून हा मनुष्य मला बुद्धिबळ शिकवत होता. मला अजून राग आहे.

सुरुवात माझ्याच तोंडामुळे झाली. कलपवाले पेपरच्या पुरवणीतली पटाची आकृती बघत बसले होते. खाली एवढंच छापलेलं : 'पांढऱ्याची चाल. काय खेळाल?' पेपर आरशासमोर धरलेला, म्हणजे मला सगळं उलटं दिसत होतं, हे कृपया लक्षात घ्यावं. शिवाय आकृतीच्या एका कडेला कुणाच्या तरी चहाचा गोल डाग. तरी मी म्हणालो, "सोपं आहे."

घरी पट असेल तर मांडून बघा, चारच चाली आहेत. दोघांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं : पांढरा ई४, काळा ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा सी६. पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचं प्यादं डी६. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३, आणि काळ्याचा उंट जी४वर. आता पांढऱ्याची पाचवी चाल.

त्या जी४च्या उंटाने एफ३चा घोडा पिनमध्ये घेतलाय. घोडा हलला की त्याच्या मागे डी१वर बसलेला वजीर उघडा. हे मलाही ठाऊक होतं. पण मला आणखीही काहीतरी ठाऊक होतं आणि तिथेच घात झाला. शाळेत असताना मी लेगालची मात पाठ केली होती. लेगाल हा अठराव्या शतकात पॅरिसच्या 'कॅफे द ला रेजाँस'मध्ये खेळणारा मोठा खेळाडू, तेव्हाचा अव्वल खेळाडू फिलिडोर याचा गुरू. इतकं पाठांतर आयुष्यात कधीतरी वापरायला मिळावं म्हणून मी तीस वर्षं थांबलो होतो.

"पिनमधल्या घोड्याने ई५चं प्यादं खायचं," मी आरशाला सांगितलं.

"वजीर जाईल," कलपवाले म्हणाले.

"जाऊ दे." हे वाक्य मी फार झोकात म्हणालो. वस्तरा थांबला. "उंटाने वजीर खाल्ला की आपला सी४चा उंट एफ७चं प्यादं खाऊन शह देतो. राजाला ई७ हे एकच घर. मग सी३चा घोडा डी५वर. शह आणि मात!"

सलूनमध्ये शांतता पसरली. बाकावरच्या एका मुलाने मोबाइलमधून मान वर काढली. तीस वर्षांत मला असं कुणी बघितलं नव्हतं. तो क्षण साधारण चार सेकंद टिकला.

"आणि काळ्याने वजीर खाल्लाच नाही तर?" कलपवाले म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सी६च्या घोड्याने ई५वर आलेला तुमचा घोडा खाल्ला तर?"

मी आरशात बघितलं. मग मान वळवून खरा पेपर बघायला गेलो, तेव्हा सलूनवाला म्हणाला, "साहेब, हलू नका." पिन म्हणजे काय ते मला त्या वेळी नीट कळलं.

आता तो घोडा ई५वर बसून काय करतो बघा. माझ्या सी४च्या उंटावर डोळा ठेवतो आणि स्वतःच्या जी४च्या उंटाला आधारही देतो. मी वजिराने जी४चा उंट खाल्ला तर घोडा माझा वजीर खाणार. म्हणजे एका प्याद्यापायी मी अख्खा घोडा घालवला, आणि वर माझा वजीर आणि उंट दोघंही माराखाली. मी पाठ केलेल्या डावात काळ्याचा हा घोडा घरीच, बी८वर होता. त्यामुळे तिथे डाव जमत होता. इथे तो सी६वर आलाय. अख्ख्या आकृतीत महत्त्वाचा फरक तेवढाच, आणि तो मी बघितला नव्हता.

"मला उलटं दिसत होतं," मी म्हणालो.

"उलट्यातही घोडा घोडाच दिसतो."

हे बोलायची गरज होती का? बाकावरचा मुलगा हसला. सलूनवाल्याच्या हाताला हसण्याने हादरा बसला, आणि तो हात माझ्या गळ्याशी होता. मी हसलो नाही, कारण हसणं मला परवडणारं नव्हतं.

कलपवाले निवृत्त वाहतूक नियंत्रक निघाले. चाळीस मिनिटं डोकं धुवायचं नाही, हलायचं नाही, कुठे टेकायचंही नाही, असा माणूस बोलणार नाही तर काय करणार? (माणसं कलप पहाटे घरी का लावत नाहीत? आम्ही काय त्यांचे केस बघून दचकणार आहोत? असो.) त्यांनी पिनपासून सुरुवात केली. "पिन दोन जातीची. घोड्यामागे राजा असेल तर ते रेल्वेचं फाटक. बंद म्हणजे बंद, नियमच आहे. मागे वजीर असेल तर तो 'नो पार्किंग'चा फलक. गाडी लावता येते, फक्त दंड बसतो. तुम्ही दंड भरायला निघालात ते बरोबर. पण बदल्यात काय मिळतंय, ते मोजलं नाहीत."

मग ते म्हणाले, "आपली चाल शोधायच्या आधी समोरच्याने शेवटची चाल कशाला केली ते विचारा. उंट जी४वर आला. आता त्याला आणखी काय हवंय?"

मी उत्तर दिलं नाही. ओठावर फेस होता.

"घोडा डी४वर आणायचाय. मग एफ३च्या पिनमधल्या घोड्यावर दोघांचा मार. तो मारला की तुम्हाला जी२च्या प्याद्याने घ्यावं लागतं आणि राजाचं अंगण उघडं पडतं." इथे थांबून त्यांनी मिशीजवळ हात नेला, कलप आठवून परत खाली घेतला. "पण ही धमकी पोकळ आहे. घोडा डी४वर गेला की सी६ कुणी सोडलं? ई५चा राखणदार गेला. तुम्ही कॅसलिंग करून बसला असाल तर तेव्हा करा तुमचा तमाशा. त्याने वजीर खाल्ला की मात."

म्हणजे माझी चाल चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. हे ते स्वच्छ शब्दांत म्हणाले असते तर मी त्यांना चहा पाजला असता.

त्यांची पद्धत एका अर्थी साधी होती. तीन-चार चाली निवडायच्या आणि प्रत्येकीला समोरच्याचं सगळ्यात खवचट उत्तर काय, ते बघायचं. शह आधी, कारण शहाला उत्तर द्यावंच लागतं. इथे शह एकच : उंटाने एफ७ खायचं. राजा उंट खातो. मग घोडा जी५वर नेऊन पुन्हा शह द्यावासा वाटतो, शिवाय घोडा बाजूला झाल्याने आपला वजीर जी४च्या उंटावर. छान. पण काळ्याचा डी८चा वजीर तिरका येऊन तो घोडा फुकट खातो आणि तिथूनच जी४च्या उंटाला राखतो. ही चाल बाद. मग मारामारी : ई५ खायचं. ती बाद कशी झाली ते मी सांगितलं, पुन्हा सांगायला लावू नका.

"राहिल्या गरीब चाली," कलपवाले म्हणाले. "एच३."

एच-पट्टीतलं प्यादं एक घर पुढे! तीस वर्षं पाठ केलेल्या वजिराच्या बलिदानापुढे हे. प्यादं उंटाला फक्त विचारतं, 'काय ठरवताय?' उंट मागे डी७ला गेला तर पिन सुटली, आपलं काही गेलं नाही. पण बहुतेक नवखे पिन सोडवत नाही म्हणून उंट एच५वर नेतात. त्याच घरावर तो चहाचा डाग होता.

"आता खा ई५," ते म्हणाले.

तीच चाल! मी ओरडणार होतो, पण वस्तरा हनुवटीखाली आला होता.

फरक एका घराचा आहे. काळ्याने वजीर खाल्ला तर मघाचीच मात. डी६च्या प्याद्याने घोडा खाल्ला तर आपला वजीर एच५चा उंट खातो, आणि एक प्यादं आपल्या पदरात. आणि सी६च्या घोड्याने घोडा खाल्ला तर? ई५वरून घोडा जी४ राखतो, एच५ राखत नाही. म्हणून वजीर एच५चा उंट फुकट खातो. त्यावर काळा घोडा माझा सी४चा उंट खाईल. खाऊ दे. वजीर एच५वरून सरळ आडवा बी५वर येतो, राजाला शह आणि सी४च्या घोड्यावर हल्ला एकाच वेळी. शह अडवेपर्यंत घोडा गेला. हिशोब केला तर पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त.

हे मला आवडलं, हे मी मान्य करतो. घरी येऊन चाळलं तर कळलं की लेगालच्या नावाने जो डाव सांगतात, त्यात अनेक पुस्तकांत काळ्याचा घोडा सी६वरच छापलेला असतो. म्हणजे डाव खरंच तसा झाला असेल तर खुद्द लेगालची चालही चुकीचीच होती, समोरच्याने हावरटपणे वजीर खाल्ला म्हणून तो अमर झाला. माझ्यासमोर हावरट माणूस नव्हता, कलपवाला होता.

पण खरं दुखणं पुढेच आहे. कलपवाल्यांनी तिसरा पर्याय काढला. "काळ्याने एच५ला न जाता एफ३वर घोडाच खाल्ला, तुम्ही वजिराने घेतलात. आता मी काळा असतो तर घोडा डी४वर आणला असता. वजिरावर हल्ला आणि सी२वरही डोळा. आता पळा!"

आणि मला दिसलं. आरशातही दिसलं. वजीर एफ३वर, उंट सी४वर, दोघांची नजर एफ७वर, आणि त्या प्याद्याला राजाशिवाय कुणी नाही. वजीर पळत नाही, एफ७ खातो. राजाला वजीर खाता येत नाही, मागे उंट आहे. मात! खरी, पक्की, माझी स्वतःची मात! काळ्याने तिथे घोडा एफ६वर आणायला हवा, डी४वर नाही. नियंत्रकसाहेबांना स्वतःची चाल सोडून दुसरं काही दिसत नव्हतं!

मी तोंड उघडलं आणि सलूनवाल्याने त्यावर गरम टॉवेल टाकला.

"म्म्म," मी म्हणालो.

"गरम झाला का साहेब? दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांत कलपवाल्यांच्या मोबाइलचा गजर वाजला, ते डोकं धुवायला मागच्या मोरीवर गेले, आणि टॉवेल निघाला तेव्हा नळाचा आवाज येत होता. मी थांबलो. पैसे देऊन झाल्यावरही थांबलो. बाकावरच्या मुलाने विचारलं, "काका, तुमचा नंबर झाला ना? मग खुर्ची सोडा ना." मी बाहेर पडताना सलूनवाला वस्तऱ्याचा फेस पेपरच्या एका तुकड्याला पुसत होता. त्यावर अर्धा पट होता, आणि एफ७ त्याच अर्ध्यात.