उधारीची वही आणि ताळेबंद: एका प्रतिक्रियेला उत्तर

«सर, तुमचं पाठनियोजन वाचलं. कोपऱ्यावरचा दुकानदार ताळेबंद करतच नाही. त्याच्याकडे उधारीची वही आणि गल्ला, घर आणि धंदा सगळं एकच. अशा कच्च्या हिशेबावर मुलं काय शिकणार? उद्या नोकरीत त्यांच्यासमोर कंपनीचा छापील ताळेबंद येणार आहे. पुस्तकातलं तयार उदाहरण द्या, वेळ तरी वाचेल.»

नमस्कार. वेळ वाचतो हे मान्य. मीही बरीच वर्षं पुस्तकातलीच उदाहरणं दिली. त्यात ‘ऋणको ८५,०००’ असं छापलेलं असतं. मुलं ती रक्कम उचलून मालमत्तेच्या बाजूला ठेवतात, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की पेन खाली. हे ८५,००० कुणाकडून यायचेत, कधीपासून अडकलेत, हे त्यांच्या मनातही येत नाही, कारण उदाहरणात तसं विचारायला कुणी नसतं. म्हणून मी दुकानाकडे वळलो. दुकानदाराच्या परवानगीने घेतलेले आकडे सोयीसाठी थोडे बदलून गोळाबेरीज केले आहेत.

पहिल्या तासाला मुलांना ताळेबंद मिळतच नाही. मिळतात ती कागदपत्रं: उधारीची वही, बँकेचं पासबुक, होलसेल व्यापाऱ्यांची बिलं, ३१ मार्चच्या रात्री मोजलेल्या मालाची यादी आणि भिशीची कार्डं. पाच गट, प्रत्येकाकडे एक गठ्ठा. प्रत्येक गटाने आपल्या कागदांवरून दोनच गोष्टी सांगायच्या: त्या दिवशी दुकानाकडे काय होतं, आणि दुकान कुणाचं किती देणं लागत होतं.

मालमत्तेची बाजू लवकर होते. गल्ल्यात ६,५००, बँकेत ३८,५००, खरेदीच्या किमतीने माल २,४०,०००, उधारी ८५,०००, फ्रीज-रॅक-वजनकाटा घसारा वजा जाता ६०,००० आणि गाळ्याचं डिपॉझिट एक लाख. एकूण ५,३०,०००. देण्यात व्यापाऱ्यांचे १,५५,००० आणि बँकेचं कर्ज १,१५,०००.

गाडी अडते ती भिशीच्या कार्डांवर. दिवाळीच्या सामानासाठी चाळीस घरं महिन्याला २०० रुपये भरतात. दिवाळीनंतर नवी भिशी सुरू होते, म्हणजे मार्चअखेर पाच हप्ते, ४०,००० रुपये जमा. गेल्या खेपेला या गटातल्या बहुतेकांनी ही रक्कम मालमत्तेत टाकली. दुकानात पैसे आलेत, मग ते दुकानाचेच, असा त्यांचा हिशेब. मी एवढंच विचारलं, उद्या दुकान बंद पडलं तर ही कार्डं घेऊन कोण दारात उभं राहील? एका मुलीने कार्ड उलटं करून पाहिलं, मागे हप्त्यांपुढे दुकानदाराच्या सह्या होत्या. ती म्हणाली, “सर, हे तर लोकांचं देणं आहे.” आलेले पैसे बँकेत आणि मालात आधीच धरले गेलेत, ते पुन्हा मालमत्तेत लिहिले तर दोनदा मोजल्यासारखे होतात, हेही मग त्यांच्याच लक्षात आलं. देणं झालं ३,१०,००० आणि मालकाचं भांडवल उरलं २,२०,०००. भिशी विसरली असती तर तेच २,६०,००० दिसलं असतं आणि बाजू तरीही जुळल्या असत्या, कारण इथे भांडवल वजाबाकीनेच निघतं. ताळेबंद जुळला म्हणजे तो बरोबर आहे, ही समजूत मोडायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता घर आणि धंदा एक असण्याविषयी. माझ्या दृष्टीने तासाचा गाभाच तिथे आहे. आधीच्या वर्षीच्या ३१ मार्चचा ताळेबंद मागच्या तुकडीने याच पद्धतीने केला होता, त्यात भांडवल २,००,००० निघालं होतं. मुलं लगेच म्हणतात, वर्षभरात नफा २०,०००. मग मी विचारतो, चार माणसांचं घर वर्षभर कशावर चाललं? दुकानदार दरमहा १८,००० घरात देतो आणि साधारण २,००० चा माल घरी नेतो. वर्षाची उचल २,४०,०००. ती अखेरच्या भांडवलात मिळवायची आणि सुरुवातीचं भांडवल वजा करायचं, म्हणजे नफा येतो २,६०,०००. मालकाने वर्षात बाहेरून पैसे घातले असते तर तेही वजा करावे लागले असते, या वर्षी तसे घातलेले नाहीत. एकेरी नोंदीच्या प्रकरणातलं हे सूत्र मुलांना आधीपासून पाठ असतं. उचल का मिळवायची, हे मात्र त्यांना तेल-साखरेच्या हिशेबातून कळतं.

शेवटची वीस मिनिटं मी फक्त उधारीच्या वहीला देतो, कारण वाचन खरं सुरू होतं ते इथे. रोख, बँक, माल आणि उधारी मिळून चालू मालमत्ता ३,७०,०००. कर्जाचे या वर्षीचे हप्ते बाजूला ठेवले तर चालू देणं १,९५,०००. गुणोत्तर १.९, दिसायला ऐसपैस. माल वगळला की उरतात १,३०,०००, म्हणजे एक रुपया देण्यामागे ६७ पैसे. त्यातही ८५,००० उधारीचेच. मग वहीची पानं उलटायची. नोकरदार घरांची खाती पगार झाला की मिटतात. काही पानांवर मात्र वर्ष उलटलं तरी जमेची एकही नोंद नाही, आणि एका पानावर दुकानदारानेच पेन्सिलीने ‘घर सोडले’ असं लिहिलेलं आहे. अशा पानांची बेरीज २५,०००. गेल्या वर्षी ती येतील असं धरलं होतं. आता ती बुडीत धरली की भांडवल होतं १,९५,०००, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ५,००० ने कमी, आणि नफा २,३५,०००. अडीच लाखांच्या आत नफा आणि २,४०,००० ची उचल. दुकान चालतंय, पण घर त्याच्या मिळकतीपेक्षा थोडं जास्त खातंय, हे मुलं स्वतःहून बोलून दाखवतात.

कंपनीच्या ताळेबंदाबद्दलचा तुमचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. भागभांडवल, राखीव निधी, स्थगित कर यांतलं काहीच दुकानात भेटत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट ३ मधला उभा नमुनाही वेगळाच. पहिल्या मसुद्यात यासाठी मी काहीच जागा ठेवली नव्हती, ही माझी चूक. दुसरा तास मी आता त्यालाच दिला आहे, आणि सुरुवात पुन्हा उधारीपासूनच केली आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कंपन्यांना येणं किती जुनं आहे याचा तक्ता टिपांमध्ये द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतलं, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरचं. मुलांनी आधी दुकानाची वही याच रकान्यांत बसवायची, मग एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून तोच तक्ता शोधायचा आणि तीन वर्षांवरच्या रकान्यात किती रक्कम आहे, त्यातली किती वादात आहे, ते सांगायचं. भिशीच्या ४०,००० चा भाऊबंद त्यांना ‘ग्राहकांकडून आगाऊ’ या ओळीत सापडतो, इतर चालू देण्यांच्या टिपेत.

आणि दुकानदार ताळेबंद करत नाही हे खरं असलं तरी त्यातले आकडे त्याला द्यावे लागतातच. अंदाजित उत्पन्नावर कर भरणारे जे आयटीआर-४ भरतात, त्यात वर्षअखेरचे धनको, ऋणको, माल आणि हातातली रोकड विचारलेली असते. आमच्या दुकानदाराकडून त्याचा करसल्लागार हे आकडे दरवर्षी फोनवर अंदाजाने घेत असे. या वर्षी त्याने मुलांनी केलेल्या कागदाची झेरॉक्स नेली, आणि ते २५,००० ऋणकोंत धरायचे की सोडायचे, हे विचारायला परत आला.