विनोद अंगी लावून घेण्याची रीत

ऐकलेला विनोद सांगताना ‘परवा कुणीतरी सांगत होतं’ अशी सुरुवात करणाऱ्यांची मला कीव येते. सावंतवाडीत ऐकलेला विनोद मालवणात उतरेपर्यंत तुमचा झाला नाही, तर यष्टीचं तिकीट फुकट गेलं म्हणायचं.

न्हाव्याचाच घ्या. बडबड्या न्हावी विचारतो, ‘केस कशे कापू?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘गप ऱ्हवान.’ हा असा उघडाबोडका सांगू नका. आधी गिऱ्हाईकाला नाव द्या, आणि तेही तिरकं बोलण्याबद्दल पंचक्रोशीत गाजलेल्या माणसाचं. नाव ऐकूनच लोक अर्धे हसलेले असतात, उरलेलं अर्धंच काम तुमचं. माणूस वारलेला असला तर उत्तम, कारण तो ‘मी असा कधी म्हटलंय?’ विचारायला येत नाही. मग दुकान तिठ्यावर आणा आणि शेवटी स्वतःला बाकावर बसवा, पुढच्या नंबराला. ‘मी थंयच होतंय’ म्हटलं की विनोदाचा किस्सा होतो, आणि किस्सा कुणाकडून ऐकला हे गावात कुणी विचारत नाही. पुढेमागे त्या दुकानातल्या पावडरचा वास तुम्हाला खरंच आठवायला लागला की विनोद अंगी लागला समजा.

मन खात असेल तर ऐका. हेच उत्तर ग्रीक लेखक प्लुटार्कने सुमारे १९०० वर्षांपूर्वी मॅसिडोनियाच्या आर्केलाऊस राजाच्या नावावर लिहून ठेवलंय. पुढे ‘फिलोगेलोस’ या ग्रीक विनोदसंग्रहात राजा गळाला, नुसता एक हजरजबाबी माणूस उरला. रिकाम्या जागी आपण खोत बसवला, एवढंच. राजाच्या वारसांची अजून तक्रार नाही.

श्रेय मुळीच देऊ नये असं नाही. विनोद पडला तर ताबडतोब आणि पूर्ण द्यावं: ‘आमच्या भावजींचो हा हो!’ ज्याच्याकडून ऐकला तो समोरच बसला असेल तर थोडंसं द्यावं: ‘ह्यांकाय म्हायती आसा.’

कुणी फारच टोचलं तर दशावताराकडे बोट दाखवा. संवाद कुठे लिहिलेले असतात? संकासुराचा आजचा टोला उद्या दुसऱ्या जत्रेत दुसऱ्याच्या तोंडी दिसला तर नवल नाही. फक्त तो संकासुर समोरचा गाव बघून टोला नव्याने बेततो, हे सांगू नका. तेवढी मेहनत आपल्याला झेपणारी नाही.

जपायचं एकाच जातीच्या विनोदाला: कुणी स्वतःच्या घरातल्या फजितीवर रचलेला. शेजारच्या काकी जावयाच्या पहिल्या दिवाळसणाची हकीकत सांगतात, तिच्यामागे कुणी प्लुटार्क नसतो, काकीच असतात. ती उचलायची तर जावईही उचलावा लागतो, आणि तुम्हाला मुलगी नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं.