कागदावरचा दरोडा

दिवाळी अंकासाठी दरोड्याची कथा लिहायला घेतलीये आणि घरात कोणी मला सुखाने दरोडा घालू देत नाहीये.

प्लॉट असा. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कपाटात रीडेव्हलपमेंटची खोट्या सह्यांची फाईल आहे, ती कोजागिरीच्या रात्री सगळे गच्चीवर दूध पीत असताना उडवायची. टीम चौघांची: कुलूप उघडणारा घड्याळजी, मेन स्विच सांभाळणारा वायरमन, वॉचमनला बोलण्यात अडकवणाऱ्या काकू आणि डोकेबाज भाचा. बायकोने विचारलं, "भाचा नक्की काय करतो?" म्हटलं प्लॅन करतो. "म्हणजे काहीच करत नाही." उडवला भाचा, कारण या प्रकारात प्रत्येक माणसासाठी त्यालाच उघडता येईल असं एक तरी कुलूप लागतं, नाहीतर तो नुसता गर्दीला उभा.

मग प्लॅन. मी हौसेने दोन पानं भरून आधीच सगळा सांगून टाकला होता, किती वाजता लाईट जाणार, काकू कुठे उभ्या राहणार, सगळं. पण वाचकाला प्लॅन आधी सांगितला की तो फसायलाच हवा, नाहीतर तेच पुन्हा घडताना कोण वाचेल? आणि यशस्वी करायचा असेल तर लपवून ठेवायचा. मला फसवायचाच होता, म्हणून ती दोन पानं तशीच राहिली.

फसवायचं कसं, तर परतीचा पाऊस! सगळी सोसायटी भिजत खाली, फाईल हातात घेऊन घड्याळजी जिन्यात. सासरे म्हणाले, "हे योगायोगाने झालं." झालं ना, पण योगायोगाने हिरो अडकला तर वाचक खपवून घेतो, सुटला तर शिव्या घालतो. २०१५ साली लंडनमध्ये हॅटन गार्डनच्या तिजोऱ्या फोडल्या त्या म्हाताऱ्यांनी अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडलं, तर पलीकडे कपाट आडवं, आणि ते ढकलायचं हत्यारच मोडलं. ईस्टरची सुट्टी चालू होती म्हणून घरी गेले, नवीन हत्यार विकत घेतलं, पुन्हा आले. एक जण तर दुसऱ्या खेपेला आलाच नाही. माझ्या घड्याळजीकडे सुट्टी नाही, जिन्यात जे हाताशी असेल त्यावरच भागवायचं, आणि ते वाचकाने आधी पाहिलेलं असलं पाहिजे.

तर दुधाचं भाड्याचं पातेलं! पहिल्याच पानावर सेक्रेटरी त्याच्या डिपॉझिटवरून मंडपवाल्याशी भांडताना दाखवला, वाचकाला वाटतं नुसता विनोद आहे. आता काकू रिकामं पातेलं घेऊन जिन्यात, फाईल आत, वर झाकण, आणि डिपॉझिट बुडेल या भीतीने सेक्रेटरी स्वतःच ते उचलून गेटबाहेर टेम्पोत ठेवतो. वाचून दाखवताना माझा मलाच अभिमान वाटला.

बायको म्हणाली, "मसाला दूध होतं ना? तळाला साय, केशर, चारोळ्या. न घासता फाईल टाकलीस तर सह्या दिसतील का?"

आता काकूंना पाचव्या पानावर पातेलं घासायला लावतोय, तेही वॉचमनला बोलण्यात अडकवून झाल्यावर.