अकरा शब्दांचे दिरहम

बिलातून चार दिरहम चाळीस फिल्स कापले गेले. एवढ्यात दुबईत दोन-चार कडक चहा येतात, त्यामुळे रक्कम विसरायला हवी हे मला कळतं. पण ज्या हिशेबाने ते कापले, तो हिशेब विसरता येत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे देवगडचे एक आंबेवाले शेठ. दुबईत त्यांचं छोटंसं दुकान आहे. त्यांची एक इंग्रजी पोस्ट बरी चालली होती. तिचा स्क्रीनशॉट अरबीत करून गल्ल्याजवळ मोठा लावायचा, म्हणजे अरबी गिऱ्हाईक वाचेल, असं त्यांच्या मनात होतं. दर ठरला शब्दाला चाळीस फिल्स. आमच्या ऑफिसात अनुवाद करतात कैरोचे उस्ताद, आणि मी मधली माणूस: फाईल घ्यायची, तपासायची, द्यायची आणि बोलणी खायची.

पोस्टमधली वाक्यं उस्तादांनी चहा निवायच्या आत उरकली. अडलं ते निळ्या अक्षरांपाशी. नावं बदलून सांगते. हँडल समजा @amba_peti, लिंक समजा https://www.example.com/en/order/ आणि हॅशटॅग तीन: #mango, #Dubai आणि शेठनी स्वतः काढलेला #DevgadInDubai.

यात माझा नियम एकच. हा शब्द आहे की पत्ता? शब्द असेल तर भाषांतर करा, पत्ता असेल तर हात लावू नका. पाकिटावर ‘शनिवार पेठ’ लिहायच्या जागी कोणी ‘सॅटर्डे मार्केट’ लिहीत नाही.

हॅशटॅगची गंमत अशी की तो शब्दही असतो आणि पत्ताही. म्हणून प्रत्येक टॅग मी आधी फोनवर शोधून बघते. ‘दुबई’चं अरबी रूप #دبي टाकलं की पोस्टींचा पूर येतो, म्हणजे तिथे अरबी माणसं राहतात, भाषांतर करा. #DevgadInDubai चं अरबी रूप टाकलं तर एकही पोस्ट नाही. शेठच्या गिऱ्हाइकांनी आंब्याचे फोटो टाकलेत ते इंग्रजी टॅगखाली. अरबी टॅग छापला तर वाचणारा रिकाम्या हॉलमध्ये जाऊन उभा राहील. तो तसाच ठेवला.

#mango वर मात्र माझं आणि उस्तादांचं वाजलं. त्यांनी #مانجو लिहिलं. मधलं ج हे अक्षर इजिप्तचा माणूस ‘ग’ वाचतो आणि बाकी बहुतेक ठिकाणी ते ‘ज’ असतं, पण तो मुद्दा सोडा. माझं म्हणणं होतं की इथले जुने लोक आंब्याला ‘हंबा’ म्हणतात, तर #همبا घ्या. आमचाच आंबा गलबतातून इकडे आला आणि उतरताना त्याला ‘ह’ लागला, यापरता अभिमानाचा विषय कुठला! इराकात तर ‘अंबा’ म्हणजे आंब्याचं लोणचंच. उस्तादांनी शांतपणे दोन्ही टॅग शोधून दाखवले. गर्दी مانجو कडेच जास्त होती. माझा अभिमान मी गिळला. खरं सांगायचं तर अजून घशात आहे.

त्यातच शेठचा फोन: ‘मँगो’च्या जागी ‘हिंदुस्थानचा आंबा’ करा. आमच्या शिकाऊ पोराने तो #مانجو الهند असा टाकला. मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच संपतो, निळा होतो तो फक्त पहिला शब्द. #مانجو_الهند असं अंडरस्कोअरने बांधावं लागतं. पुढे पोराने ‘आणि दुबई’साठी و#دبي लिहिलं. अरबीत ‘आणि’चा ‘व’ पुढच्या शब्दाला चिकटतो, आणि हॅशच्या आधी अक्षर चिकटलं की टॅग मरतो. मी त्याला हसले नाही. आपण ‘#दुबईत’ लिहितो तेव्हा आपला ‘त’ टॅगात शिरून वेगळाच टॅग होतो. त्यांचं डोक्याकडून, आपलं शेपटाकडून.

हे सगळं निस्तरून फाईल दिली, आणि दुसऱ्या दिवशी शेठचे मेव्हणे आले. बारा वर्षं दुबईत. अरबी येतं: यल्ला, खलास, हबीबी. कागद टेबलावर पसरून त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

“मॅडम, पैसे अरबीचे घेतलेत ना? मग ह्यां इंग्लिश कित्याक ठेवलां?”

मी म्हटलं, हँडल आहे. इन्स्टाग्रामच्या युजरनेममध्ये अरबी अक्षर चालतच नाही. ते अरबीत लिहिलं तर असं खातं जगात असूच शकत नाही.

“वर नाव केलंत की अरबीत!”

ते दिसायचं नाव, म्हटलं, ते अरबीत चालतं. खरं तर तिथेही घोळच होता. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘आंबा पेटी’चं झालं أمبا بيتي. ‘पेटी’ची ‘बेटी’ झाली, आणि अरबी माणूस तर ते ‘बैती’ वाचणार, म्हणजे ‘माझं घर’. शेठना ते फार आवडलं होतं. मेव्हण्यांनी विचारलं, “बेटी कोणाची?”

मग लिंक. “ह्या ऑर्डरचं अरबी करा की.” मी फोन काढून दाखवलं: en च्या जागी ar टाकलं की पान सापडत नाही, कारण तुमच्या साइटला अरबी पानच नाही. असतं तर मीच बदललं असतं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडून झालं नाही.”

आणि मोजायला बसले. पेनाचं टोक टेकवत, मोठ्याने. “आंबा एक, पेटी दोन. देवगड, इन, दुबई, पाच. एचटीटीपी सहा, डब्लूडब्लूडब्लू सात, एक्झाम्पल आठ, कॉम नऊ, ईएन दहा, ऑर्डर अकरा.” अकरा गुणिले चाळीस. आता शब्द मोजतो कॉम्प्युटरवरचा वर्ड, आणि तो मोजतो मधल्या जागा बघून. त्याच्या लेखी हे सगळे मिळून शब्द तीन. आम्ही घेतलेच होते एक दिरहम वीस फिल्स. त्यातून कापले चार चाळीस! हे मी दोनदा सांगितलं. ते दोन्ही वेळा म्हणाले, “खलास, मॅडम.”

इतक्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. आठवड्याने त्यांनी दुकानातल्या बोर्डाचा फोटो पाठवला. वर amba_peti@, खाली /https://www.example.com/en/order असं. “सगळं उलटं केलंत.”

आम्ही काही केलं नव्हतं. @ आणि / या चिन्हांना स्वतःची दिशा नसते, ती शेजारपाजार बघून कलतात. ओळ उजवीकडून सुरू होणारी असली की सुरुवातीचा @ इंग्रजी नाव सोडून उजव्या टोकाला जाऊन बसतो आणि लिंकचा शेवटचा स्लॅश डाव्या टोकाला. उपाय आहे. दोन्ही चिन्हांना खेटून, @ च्या आधी आणि स्लॅशच्या नंतर, U+200E हे न दिसणारं चिन्ह घालायचं, ते म्हणतं ‘डावीकडून वाच’. आमच्या फाईलमध्ये ते होतं. त्यांच्या बोर्डवाल्याने मजकूर नव्याने टाइप केला. न दिसणारं अक्षर कोण टाइप करणार?

हे फोनवर समजावलं. मेव्हणे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जे दिसत नाही, त्याचे पण पैसे लावले होतेत?”

नव्हते लावले.

काल नवा फोटो आला, खाली लिहिलेलं, “आम्हीच दुरुस्त केलं.” डावीकडे @ चा स्टिकर अगदी नीट चिकटवलाय. उजवीकडचा काढायचा राहिलाय.